रजेवर जाताना बाहेरच्यांना काय कळवायचे

दीर्घ रजेवर जाणारी व्यक्ती कार्यालयाबाहेरच्या संबंधितांना जो संदेश पाठवते, त्यात तीन गोष्टी असाव्या लागतात : रजा कधीपासून कधीपर्यंत आहे, त्या काळात कोणते काम कोणाकडे असेल आणि त्या माणसाला कसे गाठायचे. चार-आठ दिवसांची रजा असेल तर पहिली गोष्ट पुरते, कारण काम तेवढे दिवस थांबू शकते. सहा महिन्यांच्या रजेत काम थांबत नाही, ते दुसऱ्याच्या हाती जाते. त्यामुळे दीर्घ रजेच्या संदेशात रजेपेक्षा कामाचा नवा पत्ता महत्त्वाचा असतो.

कार्यालयातल्या सहकाऱ्यांना असे काही लिहून कळवले नाही तरी चालून जाते. शेजारच्या टेबलावर कोण बसते, चावी कोणाकडे आहे, साहेब कोणाचे ऐकतात हे त्यांना माहीत असते. बाहेरच्या माणसाला यातले काहीच दिसत नाही. त्याच्या लेखी कंपनी म्हणजे एक नाव आणि एक मोबाइल नंबर. सरकारी कार्यालयात ही अडचण थोडी कमी असते. तिथे पत्रव्यवहार पदनामाने होतो आणि अधिकारी रजेवर गेला की त्या पदाचा अतिरिक्त कार्यभार दुसऱ्याकडे दिल्याचा आदेश निघतो. पत्र पदाच्या नावाने आलेले असल्याने ते त्या टेबलावरच्या माणसाकडे आपोआप जाते. खासगी कंपनीत मात्र बरेचसे व्यवहार व्यक्तीच्या नावावर, तिच्या ईमेलवर आणि तिच्या फोनवर चाललेले असतात. व्यक्ती बाजूला झाली की ते सगळे धागे सुटे होतात आणि एकेक करून दुसऱ्याच्या हातात द्यावे लागतात.

हे कसे करायचे ते एका कल्पित उदाहरणावरून पाहता येईल. चाकणमधला एक मध्यम आकाराचा कारखाना पंपाचे भाग बनवतो. ओतीव भाग, म्हणजे कास्टिंग, कोल्हापूरच्या फाउंड्रीतून येतात. चाकणला त्यांचे मशिनिंग होते आणि तयार माल न्हावा शेवा बंदरातून जर्मनीतल्या ग्राहकाकडे जातो. खरेदी आणि निर्यात या दोन्ही बाजू पाहणारी अधिकारी मातृत्व रजेवर जाणार आहे. मातृत्व लाभ कायद्यात २०१७ मध्ये झालेल्या दुरुस्तीपासून पहिल्या दोन अपत्यांसाठी ही रजा २६ आठवड्यांची आहे आणि त्यातले जास्तीत जास्त ८ आठवडे प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधी घेता येतात. या अधिकाऱ्याची अपेक्षित तारीख १५ डिसेंबर आहे. ती सहा आठवडे आधी, सोमवार ३ नोव्हेंबरपासून रजा घेते. २६ आठवडे म्हणजे १८२ दिवस मोजले की रजेचा शेवटचा दिवस रविवार ३ मे येतो. सोमवार ४ मे रोजी ती रुजू होईल.

आधी यादी, मग संदेश

संदेश लिहायला बसण्याआधी यादी करावी लागते आणि ती रजेच्या साधारण चार आठवडे आधी सुरू झालेली बरी. यादी कामांची न करता माणसांची करावी. गेल्या सहा महिन्यांत बाहेरून ज्यांचे फोन किंवा मेल आले, त्यांची नावे मोबाइलच्या कॉल यादीतून आणि मेलच्या पेटीतून सहज निघतात. या अधिकाऱ्याच्या यादीत नियमित संबंध असलेले चार जण निघतात : कोल्हापूरची फाउंड्री, मालवाहतूकदार, न्हावा शेव्याचा कस्टम्स ब्रोकर आणि जर्मन ग्राहक. कस्टम्स ब्रोकर हा निर्यातदाराच्या वतीने सीमाशुल्काची कागदपत्रे दाखल करणारा परवानाधारक. जुने लोक त्याला अजूनही सीएचए म्हणतात. हे चार जण सोडले तर कधीतरी एखादी चौकशी करणारे वीस-पंचवीस जण उरतात.

प्रत्येक नावासमोर चार गोष्टी लिहायच्या : आज काय चालू आहे, पुढची तारीख कोणती, तोंडी काय ठरले आहे आणि हे सगळे कोणाकडे जाणार. यातला तिसरा रकाना भरायला सर्वांत जड जातो आणि तोच सर्वांत मोलाचा असतो. ऑर्डर, बिल, चलन हे कागदावर असते, ते कोणीही उघडून वाचू शकतो. पण फाउंड्रीच्या मालकाने फोनवर “डिसेंबरपर्यंत जुनाच भाव ठेवतो” असे म्हटलेले असते, ते कुठेही लिहिलेले नसते. जर्मन ग्राहकाने एका ऑर्डरचा माल दोन खेपांत घ्यायची तयारी व्हिडिओ कॉलवर दाखवलेली असते. वाहतूकदाराला शनिवारी गाडी दुपारी बारानंतर नको असते. असे शब्द अधिकाऱ्याबरोबर घरी गेले की पुढचा माणूस नकळत ते मोडतो आणि बाहेरच्याला वाटते की कंपनीने शब्द फिरवला. म्हणून तोंडी ठरलेले यादीत लिहायचे आणि महत्त्वाचे असेल ते जाण्याआधी समोरच्याला मेलने कळवून त्याचा होकार घ्यायचा. “आपल्या बोलण्यानुसार ३१ डिसेंबरपर्यंत सध्याचाच भाव राहील” एवढी एक ओळ पुरते.

चौथ्या रकान्यात प्रत्येक कामापुढे एकच नाव हवे. “कास्टिंगसाठी श्री. अमुक किंवा श्रीमती तमुक” असे लिहिले की बाहेरचा माणूस दोघांना मेल टाकतो. पहिल्याला वाटते दुसरी पाहील, दुसरीला वाटते पहिल्याने पाहिले असेल. पर्यायी नाव द्यायचेच असेल तर ते केव्हा वापरायचे हेही सांगावे लागते : दोन दिवसांत उत्तर आले नाही तर, किंवा काम तातडीचे असेल तर. एकाच माणसाकडे सगळे सोपवणेही दर वेळी शहाणपणाचे नसते. या उदाहरणात खरेदी एकाकडे आणि निर्यात दुसरीकडे अशी वाटणी होते. त्यामुळे फाउंड्रीला एक नाव कळते आणि ब्रोकरला दुसरे. कोणालाही संपूर्ण वाटणी सांगण्याची गरज पडत नाही.

ज्याचे नाव द्यायचे त्याला आधी विचारलेले असले पाहिजे, हे उघड वाटते तरी इथेच घोळ होतो. रजेवर जाणाऱ्याने वरिष्ठांशी बोलून नाव ठरवलेले असते आणि त्या माणसाला बातमी लागते ती बाहेरून आलेल्या पहिल्या फोनवरून. होकाराबरोबर अधिकारही ठरवून घ्यावे लागतात. नवा माणूस भाव मान्य करू शकतो का, रिजेक्ट झालेला माल परत घ्या असे सांगू शकतो का, किती रकमेपर्यंतच्या ऑर्डरवर सही करू शकतो? अधिकार नसलेल्या माणसाचे नाव दिले तर तो प्रत्येक प्रश्नावर “विचारून सांगतो” म्हणतो. दोन आठवड्यांत बाहेरचा माणूस त्याला वगळून थेट वरिष्ठांना फोन करू लागतो आणि मग सोपवणूक केवळ कागदावर उरते.

पत्र

नियमित संबंध असलेल्यांना रजेच्या दोन आठवडे आधी स्वतंत्र मेल जायला हवा. सगळ्यांना एकच मेल एकत्र पाठवणे दोन कारणांनी चुकते. फाउंड्रीला ब्रोकरचे नाव आणि ग्राहकाला पुरवठादाराचा पत्ता दिसतो, ही एक बाब. दुसरी म्हणजे प्रत्येकाचे चालू काम वेगळे असते आणि एकत्रित मेलमध्ये ते येऊच शकत नाही. चार मेल लिहायला तासभर लागतो. कोल्हापूरच्या फाउंड्रीला जाणारा मेल असा असू शकेल :

> विषय : ३ नोव्हेंबरपासून कास्टिंगच्या ऑर्डरसाठी संपर्क : श्री. अमुक
>
> सस्नेह नमस्कार,
>
> सोमवार, ३ नोव्हेंबरपासून मी दीर्घ रजेवर जात आहे. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा रुजू होण्याचे ठरले आहे.
>
> या काळात आपल्याकडच्या ऑर्डर, मालाच्या तारखा आणि रिजेक्शनचे विषय श्री. अमुक (सहायक व्यवस्थापक, खरेदी) पाहतील. भाव ठरवण्याचा अधिकारही त्यांना आहे. बिले आणि पेमेंट नेहमीप्रमाणे लेखा विभागाकडेच राहील.
>
> सध्या आपल्याकडे आमच्या दोन ऑर्डर चालू आहेत. पहिलीचे ४०० नग १४ नोव्हेंबरला यायचे आहेत. दुसरीच्या नमुन्याला आमची मंजुरी बाकी आहे, ती श्री. अमुक १० नोव्हेंबरपर्यंत कळवतील. मागच्या लॉटमधल्या २२ रिजेक्ट नगांबद्दल आपले म्हणणे मी त्यांना सांगितले आहे.
>
> रजेच्या काळात माझ्या ईमेलवर आलेले मेल वाचले जाणार नाहीत. कृपया श्री. अमुक यांना मेल करावा आणि प्रत खरेदी विभागाच्या ईमेलवर पाठवावी.
>
> या मेलमध्ये श्री. अमुक यांना सीसी केले आहे. गुरुवारी, २३ ऑक्टोबरला सकाळी ११ वाजता आपण तिघे फोनवर बोलू या.

या मेलचा विषयच काम सांगतो. सहा महिन्यांनी फाउंड्रीतल्या कोणी मेलच्या पेटीत “कास्टिंग” किंवा “संपर्क” असे शोधले तर तो सापडतो. “रजेबाबत” असा विषय दिला असता तर कोणाची रजा आणि कशाबाबत हे मेल उघडल्याशिवाय कळले नसते.

रजेचे कारण यात नाही. बाहेरच्या माणसाला ते कळण्याची गरज नसते आणि आजारपण, बाळंतपण किंवा घरातली अडचण यांची नोंद पंधरा कंपन्यांच्या मेलच्या पेट्यांत राहावी असे कोणालाही वाटणार नाही. ज्यांच्याशी जिव्हाळा आहे त्यांना ते फोनवर सांगता येते. परतण्याची तारीखही नेमकी दिलेली नाही. बाळंतपण, शस्त्रक्रिया किंवा शुश्रूषा यासाठी घेतलेली रजा लांबू शकते. ‘४ मे’ असे लिहिले की ४ मे रोजी सकाळी फोन सुरू होतात. ‘मेचा पहिला आठवडा’ म्हटले की थोडी जागा राहते आणि तारीख पक्की झाली की ती कळवण्याचे काम श्री. अमुक करतात.

चालू कामांचा परिच्छेद हा या मेलचा गाभा आहे. त्याने दोन कामे होतात. फाउंड्रीला कळते की आपली प्रकरणे हरवलेली नाहीत आणि श्री. अमुक यांच्याकडे तारखा लेखी येतात. मग १० नोव्हेंबर उलटला आणि मंजुरी आली नाही तर फाउंड्री कोणाला विचारायचे हे जाणते. ‘भाव ठरवण्याचा अधिकारही त्यांना आहे’ हे वाक्य छोटे असले तरी ते नसते तर पहिल्याच वाटाघाटीत फाउंड्रीचा मालक वरिष्ठांना गाठेल. शेवटचे वाक्य फोनचे आहे, कारण नुसत्या सीसीने ओळख होत नाही. तिघांचे दहा मिनिटे बोलणे झाले की पुढचा माणूस आवाजाने ओळखीचा होतो आणि पुढे आलेल्या प्रत्येक अडचणीत हा आवाज कामी येतो.

जर्मन ग्राहकाला जाणारा मेल इंग्रजीत आणि थोडा वेगळा असेल. सहा महिन्यांची रजा त्याला नवलाची वाटणार नाही. जर्मनीत प्रसूतीआधी सहा आणि नंतर आठ आठवडे मातृत्वाचे संरक्षण आहे आणि त्यापुढे प्रत्येक मुलामागे तीन वर्षांपर्यंत पालकत्व रजा घेता येते. त्याला माहिती हवी असते ती सूक्ष्म गोष्टींची : ड्रॉइंगमधल्या बदलाला मंजुरी कोण देणार, तक्रारीचा अहवाल कोणाकडून येणार, नव्या माणसाची कामाची वेळ काय. शिवाय या मेलमध्ये एक ओळ आवर्जून हवी : आमच्या बँक खात्यात काहीही बदल नाही आणि असा बदल सांगणारा मेल कोणाकडूनही आला तरी आधीपासून माहीत असलेल्या नंबरवर फोन करून खात्री केल्याशिवाय पैसे पाठवू नयेत. ही ओळ का हवी ते पुढे येईल.

आपोआप जाणारे उत्तर

पत्र ठरलेल्या चौघांना गेले. उरलेल्या वीस-पंचवीस जणांसाठी मेलच्या सेवेत आपोआप उत्तर देण्याची सोय असते. जीमेलमध्ये ती `Vacation responder` या नावाने सेटिंगमध्ये आहे आणि आउटलुकमध्ये `Automatic replies` या नावाने. ही कल्पना जुनी आहे. युनिक्स संगणकांवर ‘व्हेकेशन’ नावाचा एरिक ऑलमन यांनी लिहिलेला छोटा प्रोग्राम हेच काम करत असे आणि एकाच माणसाला तो साधारण आठवड्यातून एकदाच उत्तर देई.

एकदाच का, हे समजून घेतले तर बऱ्याच गोष्टी उलगडतात. दोन माणसे एकाच वेळी रजेवर असली आणि दोघांच्याही पेट्या प्रत्येक मेलला उत्तर देत असल्या, तर पहिलीच्या उत्तराला दुसरी उत्तर देते, त्याला पहिली पुन्हा देते आणि हा खेळ पेटी भरेपर्यंत चालतो. हे टाळण्यासाठी २००४ मध्ये ईमेलच्या तांत्रिक नियमांत स्पष्ट केले गेले की अशा उत्तराच्या शीर्षभागात ते आपोआप गेलेले आहे ही खूण असावी :

```
Auto-Submitted: auto-replied
```

ही खूण असलेल्या मेलला दुसऱ्या यंत्राने उत्तर देऊ नये आणि एकाच माणसाला ठरावीक दिवसांत एकापेक्षा जास्त उत्तर पाठवू नये, असा तो नियम. आजच्या सेवा तो आपापल्या पद्धतीने पाळतात. जीमेल एकाच पत्त्यावर चार दिवसांतून एकदा उत्तर देते, मग त्या चार दिवसांत दहा मेल आले तरी. आउटलुक कंपनीच्या सर्व्हरवर चालते तेव्हा ते एका माणसाला उत्तर साधारण एकदाच देते आणि सोय बंद करून पुन्हा चालू करेपर्यंत त्याला पुन्हा देत नाही.

आठ दिवसांच्या रजेत याने काही बिघडत नाही. सहा महिन्यांत बिघडते. नोव्हेंबरमध्ये ब्रोकरच्या ऑफिसातल्या नव्या मुलाने अधिकाऱ्याला मेल टाकला. उत्तर आले, त्याने ते पाहिले आणि विसरला. फेब्रुवारीत एका कंटेनरची कागदपत्रे तयार झाली. शिपिंग बिल दाखल करण्याआधी ब्रोकर त्याचा मसुदा निर्यातदाराकडे पाठवतो. त्याला चेकलिस्ट म्हणतात आणि निर्यातदाराने “ओके” म्हटल्याशिवाय तो पुढे सरकत नाही. मुलाने चेकलिस्ट सवयीने जुन्याच पत्त्यावर पाठवली. या वेळी आपोआप उत्तर गेले नाही, कारण त्याला ते एकदा गेले होते. तो “ओके”ची वाट पाहत राहिला आणि कारखान्यातला माणूस चेकलिस्टची. कंटेनर बंदरात आत घेण्याची ठरलेली वेळ टळली, जहाज गेले आणि माल पुढच्या जहाजाची वाट पाहत पडून राहिला. इथे कोणी आळस केलेला नाही, तरी नुकसान झालेच.

म्हणून दीर्घ रजेत आपोआप उत्तरावर विसंबता येत नाही. त्याच्या जोडीला पेटी कोणीतरी पाहावी लागते. संस्थेच्या मेल सेवेत आयटी विभागाकडून येणारे मेल दुसऱ्या पत्त्यावर वळवता येतात किंवा पेटी उघडण्याचा अधिकार दुसऱ्याला देता येतो. जिथे हे शक्य नाही तिथे वेगळा मार्ग असतो. जर्मनीत डाइमलर या वाहननिर्मात्या कंपनीने २०१४ मध्ये कर्मचाऱ्यांना एक पर्याय दिला : सुट्टीत आलेले मेल सरळ पुसले जातील आणि पाठवणाऱ्याला तसे स्पष्ट कळवून दुसऱ्याचा पत्ता दिला जाईल. टोकाचा वाटला तरी या उपायाने पाठवणाऱ्याच्या मनात संभ्रम राहत नाही. ‘मेल वाचले जाणार नाहीत’ असे स्पष्ट लिहिण्यामागेही हेच कारण आहे. ‘उत्तर यायला उशीर होऊ शकतो’ असे लिहिले की पाठवणारा आशेने थांबतो.

आपोआप उत्तर छोटे असावे, कारण ते वाचणारा कोण आहे हे माहीत नसते :

> ३ नोव्हेंबर ते ३ मे या काळात या पत्त्यावरचे मेल वाचले जाणार नाहीत आणि नंतर उघडले जातील याचीही हमी नाही. खरेदीसाठी खरेदी विभागाच्या आणि निर्यातीसाठी निर्यात विभागाच्या ईमेलवर लिहावे. तातडीचे असल्यास कारखान्याच्या मुख्य नंबरवर फोन करून ‘खरेदी’ किंवा ‘निर्यात’ मागावे.

इथे कोणाचे नाव नाही, मोबाइल नंबर नाही, फक्त विभाग आहे. नंतर पुढचा माणूस बदलला तरी हे उत्तर खरेच राहते. ज्यांना नेमके नाव हवे, त्या चौघांना ते पत्रातून कळलेले आहे. आउटलुकमध्ये कार्यालयातल्या आणि बाहेरच्या लोकांसाठी दोन वेगळी उत्तरे देता येतात. बाहेरच्यांना फक्त ओळखीच्या यादीतल्यांनाच उत्तर जाईल असेही ठरवता येते. जीमेलमध्येही संपर्कयादीपुरती मर्यादा घालता येते.

भाषेचा विचारही इथेच करावा लागतो. वेल्समध्ये रस्त्यांवरचे फलक इंग्रजी आणि वेल्श अशा दोन भाषांत असतात. २००८ मध्ये स्वान्सी शहराच्या परिषदेने ‘अवजड वाहनांना प्रवेश नाही’ या मजकुराचा अनुवाद मागवण्यासाठी अनुवादकाला मेल केला. उत्तर वेल्शमध्ये आले आणि ते जसेच्या तसे फलकावर रंगले. फलकावर वेल्शमध्ये लिहिले होते की मी सध्या कार्यालयात नाही, अनुवादाचे काम पाठवून द्यावे. आपोआप उत्तर असल्याची कोणतीही ओळखीची खूण त्या मजकुरात वाचणाऱ्याला दिसली नव्हती. चाकणच्या पेटीत जर्मनीतून, कोल्हापुरातून आणि तमिळनाडूतूनही मेल येत असतील तर उत्तर मराठीत आणि इंग्रजीत हवे आणि दोन्हीकडे पहिल्याच ओळीत ‘हे आपोआप गेलेले उत्तर आहे’ असे म्हटलेले असावे.

मेल न वाचणारे संबंधित

बाहेरच्या संबंधितांत माणसे नसलेलेही असतात. जीएसटी पोर्टलवर प्राधिकृत स्वाक्षरीकर्त्याचा मोबाइल आणि ईमेल नोंदलेला असतो आणि ओटीपी तिथेच जातो. मालवाहतुकीचे ई-वे बिल तयार करण्याच्या पोर्टलवर, बँकेच्या निर्यात शाखेत, सीमाशुल्काच्या पोर्टलवर अशीच नोंद असते. रजेवर गेलेल्या व्यक्तीचा मोबाइल कुठे नोंदला आहे, हे यादीत स्वतंत्र रकान्यात लिहायचे असते. ही नोंद बदलायला कधी जुन्याच नंबरवर ओटीपी जातो, कधी वरिष्ठाची सही लागते, कधी बँकेत अर्ज द्यावा लागतो. म्हणून हे काम व्यक्ती जागेवर असतानाच, संदेश जाण्याआधी संपवावे लागते. ई-वे बिलाच्या पोर्टलवर मुख्य खात्याखाली सब-यूजर तयार करता येतात. ते आधी केलेले असले की पासवर्ड कोणाला द्यावा लागत नाही. डिजिटल स्वाक्षरीचे टोकन दुसऱ्याच्या हाती देणे मात्र सही दुसऱ्याला करू देण्यासारखे आहे. ज्याला सही करायची त्याच्या नावाचे स्वतंत्र टोकन घ्यावे लागते.

व्हॉट्सॲपचे गट ही आणखी एक जागा. वाहतूकदाराचा चालक गाडीचा नंबर, वजनकाट्याची पावती आणि आडवाटेत अडलेल्या गाडीचा फोटो गटातच टाकतो. नवा माणूस गटात आला तरी जुन्या गप्पा त्याला आपोआप दिसत नाहीत. शेवटच्या आठवड्यात त्याला गटात घेऊन, “आजपासून गाड्यांचे श्री. अमुक पाहतील” असे त्याच गटात लिहिले आणि मग अधिकारी बाहेर पडली, तर चालकाला वेगळे सांगावे लागत नाही.

फसवणुकीची वाट

रजेचा संदेश परक्याच्या हाती पडला तर त्याला दोन गोष्टी मिळतात : कोण नाही आणि त्याच्या जागी कोण आहे. सायबर चोरांना हेच हवे असते. ते श्री. अमुक यांच्या नावाशी मिळताजुळता ईमेल पत्ता बनवतात, एखादे अक्षर इकडचे तिकडे करून. मग ग्राहकाला लिहितात की आता काम मी पाहतो आणि आमचे बँक खाते बदलले आहे. ग्राहकाने आधी रजेचा खरा संदेश वाचलेला असतो, त्यामुळे नवीन नावावर त्याचा लगेच विश्वास बसतो. खरा संदेश इथे खोट्याला पाठबळ देतो. या प्रकाराला आळा घालायला तीन सोप्या गोष्टी आहेत. अनोळखी माणसाला जाणाऱ्या आपोआप उत्तरात नाव नको. ओळखीच्याला जाणाऱ्या पत्रात बँक खात्याबद्दलची ओळ हवी. आणि रजेवर जाणारी, नवा माणूस आणि ग्राहक या तिघांचा फोन झालेला असावा, म्हणजे शंका आली तर ग्राहकाला कोणाचा आवाज ओळखीचा हे माहीत असते.

चालते आहे की नाही हे कसे कळते

रजेच्या आदल्या शुक्रवारी आपोआप उत्तर चालू करून बाहेरच्या, म्हणजे स्वतःच्या खासगी ईमेलवरून एक मेल टाकून पाहावा. मराठी मजकूर समोर नीट उमटतो का आणि दुव्यांतले, नंबरांतले अंक बरोबर आहेत का हे तेव्हाच कळते. विभागाच्या ईमेलवरही एक मेल टाकावा आणि तो कोणी उघडला हे विचारावे. बऱ्याच ठिकाणी असा पत्ता असतो, पण त्याची पेटी कोणीच पाहत नसतो.

पहिल्या दोन आठवड्यांत सोपवणूक बसली आहे का, याच्या खुणा दिसतात. बाहेरचे फोन अजून रजेवरच्या व्यक्तीच्या मोबाइलवर येत असतील तर संदेश पोहोचलेला नाही. अशा फोनला उत्तर देऊन काम सोडवले की बाहेरच्याला तोच मार्ग ठरतो. फोन घेतला तरी फक्त नवे नाव सांगून थांबावे. बाहेरचे लोक थेट वरिष्ठांना गाठत असतील तर नव्या माणसाला अधिकार दिलेले नाहीत किंवा दिलेले बाहेर कळलेले नाहीत. आणि दोघांकडे तेच पत्र येत असेल तर कामाची वाटणी धूसर आहे. यातली प्रत्येक खूण दिसल्यावर दुरुस्तीचा मेल श्री. अमुक यांनी आणि त्यांच्याच नावाने पाठवावा.

परत आल्यावर पहिल्या दिवशी आपोआप उत्तर बंद करणे राहून जाते, म्हणून शेवटची तारीख आधीच भरून ठेवलेली बरी, आणि रजा लांबली तर ती वाढवायची. जीमेलमध्ये शेवटची तारीख रिकामी ठेवली तर उत्तर आपोआप थांबत नाही. रुजू झाल्यावर चौघांना पुन्हा एक छोटा मेल लागतो, कारण सहा महिन्यांत फाउंड्रीचा मालक श्री. अमुक यांनाच फोन करायला सरावलेला असतो. मेमध्ये काही कामे परत घ्यायची असतात, काही श्री. अमुक यांच्याकडेच राहू द्यायची असतात. दुसऱ्या ऑर्डरचा नमुना त्यांनीच मंजूर केलेला असेल तर तिचा शेवटचा लॉट येईपर्यंत ती त्यांच्याकडेच ठेवणे सोयीचे. म्हणून परतीच्या मेलमध्येही ‘मी परत आले’ एवढ्यावर न थांबता कोणते काम आता कोणाकडे हेच लिहावे लागते, आणि पोर्टलवरच्या नोंदींपैकी कोणत्या पुन्हा बदलायच्या त्याची यादी जवळ असावी लागते.